सोन्याच्या चार्टवरच्या फिबोनाची रेषा: १६७७ डॉलरला सोनं खरंच ‘३८.२’मुळे वळलं का?

अवनी_ठाणे

सध्या शनिवारी कमोडिटीचा एक क्लास करतेय. मागच्या वेळी सरांनी सोन्याचा डॉलरमधला साप्ताहिक चार्ट लावला. डिसेंबर २०१५ चा तळ १०४६ डॉलर प्रति औंस, ऑगस्ट २०२० चं शिखर २०७५. ही दोन टोकं माउसने जोडली आणि सॉफ्टवेअरने मध्ये फिबोनाचीच्या आडव्या रेषा टाकल्या: २३.६, ३८.२, ५०, ६१.८ आणि ७८.६ टक्क्यांच्या. एकूण चढ १०२९ डॉलरचा. त्याचे ३८.२ टक्के म्हणजे ३९३. शिखरातून वजा केले की येतात १६८२. आणि मार्च २०२१ मध्ये सोनं वर वळलं ते १६७७ वरून! फरक फक्त पाच डॉलरचा.

सरांचं म्हणणं असं की मोठ्या चढानंतर भाव थोडा मागे येतो आणि तो कुठे थांबणार हे या रेषा आधीच सांगतात. तिथे खरेदी करायची, रेषेच्या जरा खाली स्टॉपलॉस लावायचा, म्हणजे भाव तिथवर पडला तर आपोआप विकून थोड्या तोट्यात बाहेर. वर्गातले बाकीचे भारावून गेले. मला मात्र राहून राहून वाटतंय की हे जरा जास्तच सोपं आहे. पण पाच डॉलरच्या फरकाचं काय करायचं, ते कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

सोनचाफा

अवनीताई, शंका घेऊ नका. मी सोन्यात फक्त फिबोवरच काम करतो. फिबोनाचीच्या आकड्यांतून येणारं ०.६१८ हे प्रमाण सूर्यफुलाच्या बियांच्या मांडणीतही दिसतं, मग माणसांच्या गर्दीत का नसेल? आणि ते बाजूला ठेवलं तरी जगभरचे ट्रेडर त्याच रेषा बघत बसलेले असतात. सगळ्यांनी १६८२ ला खरेदीच्या ऑर्डरी लावल्या तर भाव तिथे थांबणारच ना?

फेटेवाला

मार्च २०२१ च्या *आधी* १६८२ लिहून ठेवलेला कागद कुणाकडे आहे का? नंतर सगळ्यांनाच दिसतं.

गोरेकाका_डोंबिवली

नमस्कार मंडळी. डिसेंबरात धाकटीचं लग्न आहे, आठ तोळे घ्यायचे आहेत. वर वाचलं त्यावरून सोनं ३८.२ टक्क्यांनी उतरणार असं दिसतंय. म्हणजे थांबावं का? आमचे सराफ तर म्हणतात आत्ताच बुक करून टाका.

बाजारबुणगे

गोरेकाका, आधी तुमचं. ३८.२ टक्के भावाचे नाहीत, *चढाचे*. वरच्या उदाहरणात सोनं २०७५ वरून १६८२ ला आलं तरी भावातली घट जेमतेम १९ टक्क्यांची होते. शिवाय ती यायला सात महिने लागले. आणि इथे कुणीही ‘उतरणार’ असं सांगितलेलं नाही. या रेषांवर लग्नाचं सोनं अडवून धरू नका. हवं तर गरज आहे तेवढं दोन-तीन टप्प्यांत घ्या.

आता अवनीच्या प्रश्नाकडे. मी बरीच वर्षं बुलियन डेस्कवर, म्हणजे सोन्या-चांदीच्या सौद्यांच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे हा चार्ट मला पाठ आहे. सरांनी दाखवलेलं गणित बरोबर आहे. त्यांनी न दाखवलेलं सांगतो.

रेषा काढायला दोन टोकं लागतात. वरचं टोक २०७५, त्यावर वाद नाही. पण खालचं टोक १०४६ च का? २०१५ ते २०२० ही काही एक सरळ चढण नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये सोनं ११६० ला होतं आणि २०२० पर्यंतची खरी तेजी तिथून सुरू झाली असं म्हणणारे डेस्कवर निम्मे होते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या घबराटीत ते १४५१ ला आपटलं; शेवटची तेजी तिथून धरणारेही होतेच. तिन्ही तळ ठसठशीत आहेत, तिन्ही चार्टवर लांबूनही दिसतात.

११६० वरून मोजा: चढ ९१५, ३८.२ टक्क्यांची रेषा १७२५ ला आणि ५० टक्क्यांची १६१७ ला येते. १४५१ वरून मोजा: चढ ६२४, ५० टक्के १७६३ ला, ६१.८ टक्के १६८९ ला. म्हणजे तुमच्या सरांनी ‘३८.२ ने धरलं’ म्हणून दाखवलेला १६७७ चा तळ, मार्च २०२० पासून मोजणाऱ्याच्या चार्टवर ‘६१.८ ने धरलं’ म्हणून दिसतो. आणि २०१८ पासून मोजणाऱ्याच्या चार्टवर त्याच्या आसपास काहीच नाही. त्याने १७२५ ला खरेदी केली असेल तर त्याचा स्टॉपलॉस केव्हाच उडाला. भाव एकच आणि दिवसही एकच असताना तिघांच्या तीन कहाण्या.

सोनचाफा

पण बाजारबुणगे साहेब, तुम्ही तर माझंच काम सोपं केलंत! नोव्हेंबर २०२० च्या शेवटी सोनं १७६४ वरून उसळलं, म्हणजे १४५१ पासूनचे बरोब्बर ५० टक्के. मार्च २०२१ ला १६७७, म्हणजे १०४६ पासूनचे ३८.२. आणि सप्टेंबर २०२२ ला १६१४, म्हणजे ११६० पासूनचे ५० टक्के. तीन मोठे तळ, तिन्ही रेषेवर! आधी छोटा चढ, मग मोठे. बाजार कुठली रेषा मानतो ते अनुभवाने कळतं.

मिलिंद_न्यूजर्सी

सोनचाफा, हेच तर तपासून बघू. मी आकडेशास्त्रवाला आहे, ट्रेडर नाही, तेव्हा बाजाराची भाषा चुकली तर सांभाळून घ्या.

तीन तळ, प्रत्येकापासून पाच रेषा. एकूण पंधरा. त्यातल्या अकरा १५५० ते १९५० या चारशे डॉलरच्या पट्ट्यात पडतात: १९२८, १८५९, १८३७, १८३२, १७६३, १७२५, १६८९, १६८२, १६१७, १५८४, १५६०. भाव रेषेपासून दहा डॉलरच्या आत वळला की ‘रेषेवर वळला’ असं आपण म्हणतो. क्लासमध्ये तर याहून सैल चालतं. प्रत्येक रेषेच्या खाली-वर दहा डॉलर रंगवा आणि जे पट्टे एकमेकांवर चढतात ते एकदाच मोजा. चारशेपैकी साधारण १९० डॉलर रंगले जातात. म्हणजे डोळे मिटून चार्टवर बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा ते कुठल्या ना कुठल्या फिबो रेषेवर पडेल. दर तासाला एक मुहूर्त काढून ठेवला तर कुठलंही लग्न मुहूर्तावरच लागतं, त्यातला प्रकार.

आणि हे फक्त तीन तळ धरून. १९९९ चा तळ घ्या, २००८ चा घ्या, टोकांच्या पलीकडे काढतात त्या ‘एक्स्टेंशन’च्या रेषा घ्या, मग रंग न लागलेली जागा शोधावी लागेल.

सोनचाफा

दहा डॉलर तुम्ही ठरवलेत, मी नाही. माझे तिन्ही तळ पाच डॉलरच्या आत आहेत: १७६४ विरुद्ध १७६३, १६७७ विरुद्ध १६८२, १६१४ विरुद्ध १६१७. पाच डॉलर धरून रंगवा आणि सांगा.

मिलिंद_न्यूजर्सी

रास्त मागणी आहे. पाच डॉलर धरले तर चारशेपैकी शंभरेक डॉलर रंगतात, म्हणजे पाव भाग. तिन्ही वेळा नशिबाने लागण्याची शक्यता साधारण चौसष्टात एक. ऐकायला भारी वाटतं, हे मान्य.

पण ते तीन तळ तुम्ही निवडलेत, आणि निवडलेत ते जुळतात म्हणून. त्याच काळातले बाकीचेही बघा. जानेवारी २०२१ मध्ये सोनं १८०३ च्या आसपासून वळलं; सगळ्यात जवळची रेषा १८३२, म्हणजे तब्बल २९ डॉलर दूर. जून २०२१ च्या अखेरीला १७५० वरून वळलं. १७६३ ची रेषा मोडून, १३ डॉलर खाली जाऊन. मे २०२२ ला १७८७ वरून. पुन्हा वीसहून जास्त डॉलरचा फरक. हे तळ लहान होते असं तुम्ही म्हणाल. पण कुठला तळ ‘मोठा’ ते रेषा न बघता आधी ठरवायला हवं ना? चौसष्टात एक ही शक्यता तेव्हाच खरी, जेव्हा तीनच नेम धरले आणि तिन्ही लागले.

मी यातून फिबो खोटं आहे असं सिद्ध केलेलं नाही. एवढंच म्हणतोय की या तीन तळांवरून ते खरंही ठरत नाही. लंडनच्या कॅस बिझनेस स्कूलच्या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकाची अनेक दशकं अशीच तपासली होती: वळणांमध्ये फिबोची प्रमाणं योगायोगापेक्षा जास्त वेळा दिसतात का? त्यांना तसं काही आढळलं नाही. तो अभ्यास शेअरचा होता, सोन्याचा नव्हे, हे खरं.

रावण्या_एमसीएक्स

मी एमसीएक्सवर, म्हणजे आपल्या कमोडिटी वायदेबाजारात, रोज बसतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, ‘सगळे बघतात म्हणून चालतं’ याबद्दल. अर्धं खरं आहे. रेषेजवळ ऑर्डरी साचतात हे मी रोज डोळ्यांनी बघतो. पण खरेदीच्या ऑर्डरीइतकेच रेषेच्या जरा खाली स्टॉपलॉसही साचतात, कारण सगळ्या क्लासमध्ये तेच शिकवतात. भाव तिथपर्यंत घसरला की ते स्टॉपलॉस विक्रीत बदलतात आणि घसरण आणखी जोर धरते. तीच गर्दी भावाला धरून ठेवू शकते आणि खालीही ढकलू शकते. दोन्हीपैकी काय होणार ते रेषा सांगत नाही.

९ ऑगस्ट २०२१, सोमवार. आपल्याकडे पहाट, जपान आणि सिंगापूरला सुट्टी, बाजारात खरेदीला माणूस नाही. शुक्रवारी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे चांगले आल्याने सोनं आधीच पडलेलं. काही मिनिटांत ते १७५० च्या वरून १६९० च्या खाली गेलं आणि तसंच परत वर आलं. १७६३ च्या रेषेवर खरेदी करून १७५० ला स्टॉपलॉस ठेवलेला माणूस ताळ्यावर यायच्या आत साफ झाला असेल. आणि त्या दिवसाचा तळ नेमका किती, तर भाव पुरवणाऱ्या ज्याच्या त्याच्या फीडवर वेगळा. सोनचाफा त्याला १६८२ ची रेषा टिकली म्हणतील, मी म्हणेन की तेव्हा रेषा बघायला कुणी जागंच नव्हतं.

दुसरी गोष्ट रुपयाची. इथले बरेच जण एमसीएक्सच्या चार्टवर फिबो लावतात. पण आपला भाव म्हणजे डॉलरचा भाव, गुणिले डॉलर-रुपया दर, अधिक आयात शुल्क. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणलं. एमसीएक्सवर सोनं त्याच दिवशी दहा ग्रॅममागे चारेक हजारांनी कोसळलं. जागतिक भाव तेव्हा जवळपास जागच्या जागी होता. नंतर चार्टवर फिबो लावून ‘बघा, कसं रेषेपर्यंत करेक्शन झालं’ असं सांगणारे व्हिडिओ मी स्वतः बघितलेत. ते करेक्शन संसदेत झालं होतं राव.

गोरेकाका_डोंबिवली

रावण्या, त्या जुलैत मी एक चेन घेतली होती, आदल्याच आठवड्यात. असो. म्हणजे शुल्क परत वाढलं तर भाव चढणार का? आणि घडणावळ त्यात धरायची की नाही?

रावण्या_एमसीएक्स

काका, शुल्क वाढलं तर इथला भाव चढतो, हो. जुलै २०२२ मध्ये तसं झालंही होतं. घडणावळ हा तुमचा आणि सराफाचा मामला, तो वेगळाच. चार्टवाल्यांच्या भावात ती नसते.

अवनी_ठाणे

खूप काही कळतंय, आभार. एक विचारू? सर म्हणतात की मोठ्या काळाच्या चार्टवर या रेषा जास्त भरवशाच्या असतात. दिवसाच्या चार्टवर गडबड होते, पण दहा वर्षांच्या चार्टवर नाही. हे खरं का?

बाजारबुणगे

मोठ्या काळाचंच उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९९९ मध्ये सोनं २५२ डॉलर होतं. सप्टेंबर २०११ मध्ये १९२१. चढ १६६९ डॉलरचा. मग चार वर्षांची मंदी आणि डिसेंबर २०१५ चा तळ १०४६. म्हणजे सोन्याने ८७५ डॉलर परत दिले. चढाचे किती टक्के? ५२.४. पन्नासाची रेषा होती १०८६ ला. जुलै २०१५ मध्ये भाव तिच्या खाली डोकावून वर गेला, वर्षाअखेरीस पुन्हा तिच्यापाशी आला आणि मग चाळीस डॉलर खाली जाऊन वळला. ज्याला जुळवायचंय तो ‘पन्नासाच्या जवळ’ म्हणेल. स्टॉपलॉस लावून बसलेल्याला ते परवडलं नसतं.

खरी मजा पुढे आहे. २५२ चे १९२१ होणं म्हणजे भाव साडेसात पट होणं. इतक्या लांबच्या चार्टला बरेच जण लॉगरिदमिक मोजपट्टी लावतात, म्हणजे शंभरावरून दोनशेला जेवढी उंची तेवढीच हजारावरून दोन हजारला. ती लावून मोजलं तर तोच तळ ५२ वर येत नाही, ३० टक्क्यांवर येतो. २३.६ आणि ३८.२ च्या अधेमधे, कुठल्याच रेषेजवळ नाही. कुठली मोजपट्टी बरोबर हे फिबोनाची सांगून गेलेले नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये ते एक बटण आहे, आणि काही प्लॅटफॉर्मवर लॉग चार्ट लावला तरी रेषा मात्र साध्या मोजपट्टीनेच काढल्या जातात. बघणाऱ्याला पत्ताही नसतो.

तेव्हा काळ मोठा झाला म्हणून भरवसा वाढत नाही. उलट निवडायच्या गोष्टी वाढतात. आणि जाता जाता: ५० टक्के हे फिबोनाचीच्या आकड्यांतून येतच नाही. ते जुन्या चार्टवाल्यांचं ‘निम्मं परत देतो’ हे निरीक्षण, या यादीत आणून बसवलेलं. सोनचाफांच्या तीन तळांपैकी दोन त्यावरच उभे आहेत.

सोनचाफा

पन्नास फिबो नाही हे मला माहीत आहे हो, सगळ्यांनाच माहीत असतं. चालतं म्हणून वापरतो. आणि १६१४ चं काय? सप्टेंबर २०२२ ला तिथून वळलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा १६१६ ला आलं आणि पुन्हा तिथूनच वळलं. दोनदा योगायोग?

बाजारबुणगे

पहिल्या वेळचं सांगतो, कारण तो दिवस लक्षात आहे. २८ सप्टेंबर २०२२. त्याआधीच्या आठवड्यात ब्रिटनच्या सरकारी रोख्यांचा बाजार कोसळत होता, डॉलर निर्देशांक ११४ च्या वर होता, सोनं सकाळी १६१४ पर्यंत घसरलं. मग बँक ऑफ इंग्लंडने रोखे विकत घेऊ असं जाहीर केलं. रोख्यांचे परतावे खाली आले, डॉलर नरमला आणि सोनं त्याच दिवशी चाळीसेक डॉलर वर आलं. घोषणा दुसऱ्या दिवशी झाली असती तर तळ १६१४ असता की १५८०? १५८४ ला रेषा आहेच, मग तुम्ही ती दाखवली असती.

मार्च २०२१ चंही तसंच. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यावर परतावा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, मार्च २०२१ च्या अखेरीस १.७ च्या वर गेला. सोन्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे परतावा चढला की सोनं विकलं जातं. एप्रिलमध्ये परतावा चढायचा थांबला आणि सोन्याची घसरणही थांबली. डेस्कवर आम्ही रोख्यांचा पडदा बघायचो. फिबोच्या रेषाही शेजारी असायच्या, कारण ग्राहक विचारायचे.

नोव्हेंबरच्या १६१६ चं म्हणाल, तर जुना तळ जवळ दिसला की लोक तिथे खरेदी करतात. ते मी मान्य करतो. त्याला फिबोची गरज नाही, तळ डोळ्यांना दिसतोच.

सोनचाफा

म्हणजे तळ बघून खरेदी केली तर चालतं, रेषा बघून केली तर अंधश्रद्धा?

मिलिंद_न्यूजर्सी

अगदी तसं नाही. भाव काही ठिकाणी अडखळतो याला थोडाफार पुरावा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय बँकेच्या न्यूयॉर्क शाखेतल्या, म्हणजे न्यूयॉर्क फेडच्या एका अर्थतज्ज्ञ बाईंनी २००० साली दाखवलं होतं की चलन बाजारातल्या संस्था ज्या आधार-पातळ्या *आधी* छापून देत, तिथे दिवसभरातले भाव इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळा थबकत. सोन्यातही शंभरच्या गोल आकड्यांपाशी भाव वेगळा वागतो असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे गर्दीचा परिणाम असू शकतो, तुमचा मुद्दा पूर्ण चूक नाही. पण गोल आकडा सगळ्यांचा एकच असतो. फिबोची रेषा प्रत्येकाची वेगळी, हे वर दिसलंच. मग गर्दी जमणार कुठे?

तपासायचं असेल तर सोपी पद्धत सुचवतो. खालचं-वरचं टोक निवडायचा नियम आधी लिहून ठेवायचा, उदाहरणार्थ ‘दहा टक्क्यांहून मोठी हालचाल झाली की ते टोक’. मग त्यावर दोन संच लावायचे: एक फिबोचा, दुसरा मनाला येईल तसा, ३०, ४५, ५५, ७० वगैरे. रेषेला लागून भाव तीन टक्के वर गेला तर पास, तीन टक्के खाली गेला तर नापास. फिबोचा संच मनमानी संचापेक्षा जास्त पास झाला तर मी या धाग्यावर जाहीर मान्य करेन.

सोनचाफा

करू. पण टोकं मी निवडणार. दहा टक्क्यांचा नियम म्हणजे यांत्रिक झालं, त्यात चार्ट वाचण्याची नजर कुठे राहिली?

मिलिंद_न्यूजर्सी

निवडा तुम्ही. फक्त भाव रेषेला टेकायच्या *आधी* इथे टाका. नंतर बदलायची नाहीत.

फेटेवाला

माझा कागद मिळणार म्हणायचा अखेर.

रावण्या_एमसीएक्स

सुरू करण्याआधी आणखी एक ठरवा, नाहीतर महिनाभराने इथे मारामारी होईल. भाव कुठला धरणार? हजर बाजारात २०२० चं शिखर २०७५ होतं, पण न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारातल्या डिसेंबर वायद्यात २०८९. तळ दोन्हीकडे साधारण सारखा धरला तरी अवनीच्या सरांची ३८.२ ची रेषा वायद्याच्या चार्टवर १६८२ ऐवजी १६९१ ला जाते. तिथे पाच डॉलरची जादू संपली. आणि दिवसाचं टोक धरणार की बंद भाव?

सोनचाफा

हजर भाव. आणि दिवसाचं टोक.

मिलिंद_न्यूजर्सी

टोक कुणाच्या फीडचं? रावण्यांनी वर ९ ऑगस्टचं सांगितलंय.